गाळलेली स्लाइड

हेमाला नकार देता येत नसे. भाजीवाल्याने पिशवीत सडका टोमॅटो टाकला तरी ती 'चालेल' म्हणायची, आणि लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या आत्याचं नाव शेवटच्या क्षणी बदलायला सांगितलं तरी 'चालेल'च. अप्पा बळवंत चौकामागच्या एका छापखान्यात ती ऐन विशीत टायपिंगला लागली, तेव्हापासून हा शब्द तिच्या तोंडी बसला होता. पुण्यात खरं तर हा शब्द दुर्मीळ. इथे दुकानदार गिऱ्हाइकाला नाही म्हणतो, रिक्षावाला प्रवाशाला नाही म्हणतो आणि पाट्या तर अख्ख्या जगालाच नाही म्हणतात. अशा गावात एखादं माणूस सतत हो म्हणत राहिलं की लोक त्याला भलं म्हणून मोकळे होतात. हेमाला सगळे भली म्हणत. भलेपण इतक्या स्वस्तात दुसरीकडे कुठे मिळायचं नाही.

छापखाना बंद पडला, कारण पत्रिका फोनवर जाऊ लागल्या. मग हेमाही फोनच्या मागे गेली. वयाच्या चाळिशीनंतर तिने नवी सॉफ्टवेअरं शिकून घेतली आणि स्वारगेटजवळच्या एका छोट्या जाहिरात एजन्सीत ती कामाला लागली. तिथे सगळी पोरं पंचविशीच्या आतबाहेरची. त्यांना रंग कळत, ट्रेंड कळत, पण रफार कुठल्या अक्षरावर बसतो ते कळत नसे. दुसऱ्या फाँटमध्ये टाकलं की जोडाक्षरं फुटून मजकुराचा पार बोऱ्या वाजायचा, आणि मग 'हेमाताई, प्लीज जरा बघा ना' अशी हाक यायची. मराठीतलं काम आलं की ते तिच्याकडे यायचं, आणि मराठीत येणारं काम बहुतेक फुकटचं किंवा समाजसेवेचं असायचं.

उन्हाळ्याच्या अखेरीला असंच एक काम आलं. आपत्तीच्या वेळी काय करावं याचं प्रशिक्षण देणारी एक संस्था होती. तिला इन्स्टाग्रामसाठी मराठीतून एक कॅरूसेल हवं होतं. कॅरूसेल म्हणजे बोटाने सरकवत जायच्या चित्रांची माळ. घरात पुरासाठी एक पिशवी भरून तयार ठेवा, असा विषय होता आणि एका स्लाइडवर वस्तूंचा एकच गट घ्यायचा होता. पाण्याची स्लाइड वेगळी, न शिजवता खाता येईल अशा खाण्याची वेगळी, औषधांची वेगळी, कागदपत्रांची वेगळी. खर्च धायरीचे एक बिल्डर करणार होते. त्यांचं बोधचिन्ह प्रत्येक स्लाइडच्या खालच्या कोपऱ्यात यायचं होतं.

हेमाने हे काम मनापासून केलं. तिला मनापासून करण्यासारखं काम फार दिवसांनी मिळालं होतं. प्रत्येक स्लाइड एकटी उभी राहिली पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं. लोक अख्खी माळ पाठवत नाहीत, एखाद्या चित्राचा स्क्रीनशॉट काढून तोच घरच्या ग्रुपवर टाकतात. तेव्हा 'टॉर्च' एवढंच लिहून भागत नाही, 'टॉर्च आणि तिचे जादा सेल' असं त्याच चित्रात यायला हवं. पाण्याच्या स्लाइडवर तिने माणशी दिवसाला तीन लिटर, तीन दिवसांचं, असं मोठ्या अक्षरात लिहिलं. उजेडाच्या आणि संपर्काच्या स्लाइडवर टॉर्च, भरलेली पॉवर बँक, कागदावर लिहिलेले फोन नंबर आणि एक शिट्टी काढली. शिट्टी कशाला, असं ऑफिसातल्या एका मुलीने विचारलं. हेमा म्हणाली, "ओरडून घसा बसतो गं. शिट्टीचा नाही बसत."

शेवटून दुसरी स्लाइड होती ती विजेवर जगणाऱ्या माणसांची. संस्थेने पाठवलेल्या मजकुरात यावर भर होता. घरात ऑक्सिजनचं यंत्र असेल तर वीज गेली की ते बंद पडतं. म्हणून भरलेला सिलिंडर, ऑक्सिजन किती सोडायचा ते ठरवणारा त्याचा फ्लो मीटर आणि नळी घरात ठेवा. तो किती तास पुरेल ते पुरवठादाराला विचारून त्याच्यावरच लिहून ठेवा. पार्किंगमधल्या जनरेटरवर विसंबू नका, पुरात तो सगळ्यात आधी बुडतो. आणि पाणी चढण्याचा इशारा आला की वीज जायची वाट न पाहता रुग्णाला हलवा.

या स्लाइडसाठी तिला तसल्या यंत्राचं चित्र हवं होतं. इंटरनेटवर परदेशी दवाखान्यातली चकचकीत यंत्रं होती, पण तिला घरातलं, पलंगाशेजारी ठेवलेलं, वर टॉवेल वाळत घातलेलं यंत्र हवं होतं. आणि तसं एक यंत्र तिच्या समोरच्याच दारामागे होतं.

हेमा सिंहगड रस्त्याच्या नदीकडच्या अंगाला एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. फ्लॅट वडिलांच्या मागे तिच्याकडे आला होता. लग्न झालं नव्हतं. त्याबाबतीतही तिने कधी नाही म्हटलं नव्हतं, पण तिकडून हो आलं नव्हतं. समोरच्या दारी श्रीधरकाका आणि सरोजिनीकाकू राहत. काका बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर ओढलेल्या सिगारेटी आता त्यांच्या छातीत बसून व्याज मागत होत्या. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नाकातल्या नळीने देणारं एक यंत्र त्यांच्या उशाशी दिवसरात्र घुरघुरत असे. काकू टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. छापील सूचना ही काकूंची श्रद्धा होती. मिक्सर आणला तर आधी पुस्तिका वाचायची, मग खोका उघडायचा. सांगितलं ते सगळं करायचं आणि सांगितलं नाही ते करायचं नाही, एवढ्या एका सूत्रावर त्यांनी नोकरी आणि संसार दोन्ही पार पाडले होते.

रविवारी सकाळी हेमा वही घेऊन त्यांच्याकडे गेली.

"काका, तुमच्या मशीनचं चित्र काढायचंय."

"मशीनचं?" काका नळी सारखी करत म्हणाले. "माणसाचं नाही? बघ सरोजिनी, आमच्यापेक्षा आमच्या सामानाला भाव आलाय."

"तुमचंही काढते."

"मग नाक जरा बरं काढ. सध्या त्याच्यावरच सगळी मदार आहे."

काकूंनी चहा केला. हेमा बराच वेळ बसली. यंत्र, नळी, पलंग, उशाशी ठेवलेला रेडिओ, सगळं तिने काढलं. काका अधूनमधून धाप लागली की थांबत आणि पुन्हा काहीतरी खवचट बोलत. चित्र फार सुरेख झालं. आपण हे कशासाठी काढतोय, त्याच्याखाली काय लिहिणार आहोत, याबद्दल ती काहीच बोलली नाही. तिला ते सुचलंच नाही. ते कामाचं होतं आणि इथे ती शेजारी म्हणून आली होती. माणसाच्या डोक्यात असे कप्पे असतात, आणि भल्या माणसांच्या डोक्यात तर ते फार नीटनेटके असतात.

दहा स्लाइडी तयार झाल्या. बिल्डर पृथ्वीराजशेठ स्वतः त्या बघायला ऑफिसात आले. एजन्सीचा मालक रणजित लॅपटॉप फिरवून त्यांना एकेक चित्र दाखवत होता. शेठ माणूस वाईट नव्हते. पाण्याच्या स्लाइडवर त्यांनी मान डोलावली, बाळाच्या दुधाच्या आणि दुपट्यांच्या स्लाइडवर 'लई भारी' म्हणाले. मग काकांचं चित्र आलं. खालचा मजकूर त्यांनी ओठ हलवत वाचला.

"ताई, आमच्या नव्या स्कीमच्या माहितीपत्रकावर पहिलीच ओळ 'फुल्ल पॉवर बॅकअप' अशी हाय. आन् हितं माझ्याच नावाच्या वर तुम्ही लिवताय, का जनरेटरवर विसंबू नका. गिऱ्हाईक काय म्हनंल?"

"पण पार्किंगमध्ये पाणी शिरलं तर जनरेटर…" हेमा म्हणाली.

"आवो, शिरंल तवा शिरंल. फ्लॅट तर आत्ता इकायचेत."

रणजित हसला. हसण्यासारखं नव्हतं, पण पैसे देणाऱ्याच्या बोलण्यावर हसणं हा धंद्याचा भाग असतो. "हेमाताई, तशीही ती स्लाइड जरा हेवी होतेय. टोटल मूड डाउन. आणि किती लोकांकडे असतं हे मशीन? व्हेरी निश. शेवटपर्यंत कोण स्वाइप करतं? आपण नऊच ठेवू. क्रिस्प."

"नुसती जनरेटरची ओळ काढली तर?" हे हेमाच्या ओठापर्यंत आलं होतं. सिलिंडरचं राहील, रुग्णाला आधी हलवायचं राहील. एका ओळीवर शेठही तयार झाले असते, कोण जाणे. संस्थेला विचारायचं, हेही तिला सुचलं. पण रणजितने घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, "चालेल ना?"

"चालेल," हेमा म्हणाली.

प्रत्येक स्लाइडच्या वरच्या कोपऱ्यात आकडा होता, एक भागिले दहा, दोन भागिले दहा, असा. तिने बसून सगळ्यांवर दहाचं नऊ केलं, आणि शेवटच्या स्लाइडला वर सरकवून नववी केलं. पुस्तकातलं पान फाडलं तर शिवणीत चिंधी तरी राहते. इथे मागमूससुद्धा राहिला नाही. संस्थेला रणजितने 'फायनल' म्हणून नऊ स्लाइडी पाठवल्या. तिथल्या माणसाने गडबडीत बघून पसंतीच्या अंगठ्याचं चिन्ह पाठवलं.

कॅरूसेल चाललं. हेमाने सोसायटीच्या ग्रुपवरही ते टाकलं. बाकीच्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली आणि विसरून गेले. विसरल्या नाहीत त्या फक्त सरोजिनीकाकू. त्यांनी लाल रंगाची मोठी सॅक आणली आणि एकेका दिवशी एकेक स्लाइड भरली. आज पाणी. उद्या खाणं. परवा औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या झेरॉक्ससकट. तेरवा कागदपत्रं, झिपच्या प्लास्टिक पाकिटात. शिट्टी मिळेना म्हणून त्या तुळशीबागेपर्यंत जाऊन आल्या. भरलेली सॅक दाराशेजारी ठेवून त्यांनी हेमाला हाक मारली.

"बघ. नऊच्या नऊ. एकही वस्तू राहिलेली नाही. तू केलंयस म्हटल्यावर म्हटलं, नीटच केलं असणार."

पलंगावरून काका म्हणाले, "आणि माझं नाक कुठे गेलं? मी शेवटपर्यंत सरकवत गेलो. बोट दुखलं."

"ते…" हेमा ओशाळून हसली. "लांब होत होतं फार. तेवढं गाळलं त्यांनी."

"गाळलं?" काका म्हणाले. "बरोबर आहे. यादी लांबली की आधी म्हातारे गळतात."

तिघंही हसले. हेमा आपल्या घरी गेली आणि तिने कुकर लावला. बोलायची वेळ होती तर तीच होती, दुसरी नव्हती.

पावसाळा नेहमीसारखा सुरू झाला आणि आषाढ संपता संपता नेहमीसारखा राहिला नाही. वर घाटात तुफान पाऊस झाला. धरणातून पाणी सोडत असल्याचे निरोप आदल्या दिवसापासून फोनवर येत होते. गाडीवरचा भोंगाही रस्त्याने फिरून गेला. सोसायटीतल्या लोकांनी गाड्या वरच्या रस्त्यावर नेऊन लावल्या आणि आपण फार सावध आहोत असं समजून ते झोपले. काकूंनी सॅक तपासली. दुसऱ्या मजल्यावर पाणी येणार नाही, वीज गेली तर पार्किंगमध्ये सोसायटीचा जनरेटर आहे, आणि खाणं-पाणी भरलेलं आहे. घर सोडायचं काही कारण त्यांना दिसलं नाही. नऊ स्लाइडींत तसं काही कारण दिलेलंच नव्हतं.

उजाडता उजाडता पाणी पार्किंगमध्ये शिरलं. मीटरच्या पेट्यांना पाणी लागायला नको म्हणून वीज बंद केली गेली. जनरेटर आपोआप सुरू झाला, थोडा वेळ चालला, खोकला आणि गप्प झाला. जिन्याच्या खिडकीतून लोकांनी वाकून पाहिलं तर जनरेटर होता तिथे फक्त तपकिरी पाणी फिरत होतं आणि त्यावर कुणाची तरी चप्पल.

हेमाला जाग आली ती पिपाणीसारख्या एका बारीक आवाजाने. समोरच्या दारामागे काकांचं यंत्र वीज गेल्याचं ओरडून सांगत होतं. ती धावत गेली. काका पलंगावर पुढे वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, आणि ओठ आवळून श्वास सोडत होते. काकू सॅक उघडून त्यातून एकेक वस्तू काढत होत्या. टॉर्च लावून त्यांनी टेबलावर ठेवली. पाण्याची बाटली काढली. कागदावरचे नंबर काढले. पुढे काय काढायचं, अशा नजरेने त्यांनी हेमाकडे पाहिलं. त्या सॅकमध्ये माणसाला जगायला लागणारं सगळं होतं, एक हवा सोडून.

"इन्व्हर्टर?" हेमाने विचारलं.

"तो दिव्यापंख्यापुरता आहे. मशीन त्याच्यावर जोडलेलंच नाही."

हेमाने रुग्णवाहिकेला फोन केला. रुग्णवाहिका वरच्या रस्त्यापर्यंत येऊन उभी राहिली, पण गल्लीत छातीभर पाणी होतं. बोट येते आहे, असं सांगण्यात आलं. बोटी थोड्या होत्या आणि गल्ल्या पुष्कळ. काकांच्या ओठांचा रंग बदलत चालला होता. हेमा त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली आणि तिच्या डोळ्यांसमोर तिच्याच हाताने बसवलेली अक्षरं एकेक करून येऊ लागली. भरलेला सिलिंडर. फ्लो मीटर. वीज जायची वाट न पाहता. जोडाक्षरंही कुठे फुटली नव्हती.

काकू शिट्टी घेऊन गॅलरीत गेल्या आणि वाजवत राहिल्या. पंचाहत्तरीची बाई, पांढऱ्या केसांचा अंबाडा सुटलेला, आणि थांबून श्वास घेऊन पुन्हा वाजवायची. समोरच्या इमारतीतले लोक फोनवर त्यांचं चित्रण करत होते. अखेर शिट्टीच्या आवाजाने एक बोट या गल्लीत वळली. अग्निशमनच्या पोरांनी काकांना खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. बोटीत ऑक्सिजन नव्हता. तो वर रस्त्यावर रुग्णवाहिकेत होता. मधल्या पाण्यात काका काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते. बहुधा खवचटच काहीतरी असावं. आवाज बाहेर आला नाही.

तिसऱ्या दिवशी काका दवाखान्यातच वारले. छाती आधीचीच थकलेली होती, असं डॉक्टर म्हणाले. वेळेत ऑक्सिजन मिळाला असता तर, असं कुणी विचारलं नाही, आणि हेमाने तर नाहीच.

गाळ उपसला गेला, भिंतींवर पाण्याची रेघ राहिली, सोसायटीने नवा जनरेटर घेतला आणि तो पुन्हा पार्किंगमध्येच बसवला. शिट्टीचा तो व्हिडिओ मात्र गावभर फिरला. 'शिट्टीवाल्या आजी' म्हणून लोक त्यांना ओळखू लागले. कुणीतरी शोधून काढलं, की शिट्टीची कल्पना हेमाच्या कॅरूसेलमधली. रणजितला आनंद आवरेना.

"हेमाताई, त्या तर तुमच्या शेजारी! वी हॅव अ स्टोरी! त्यांची ती लाल बॅग उघडून सगळ्या वस्तू मांडायच्या, वरून फोटो, आणि तीच नवी पहिली स्लाइड. 'आजींनी सगळं तयार ठेवलं होतं. तुम्ही?' शेठपण एकदम खूश आहेत. चालेल ना?"

"त्यांचे मिस्टर गेले त्यात," हेमा म्हणाली.

"हो, सो सॅड. पण त्या वाचल्या ना? तो भाग आपण टाकायचा नाही. विचारून तर बघा."

हेमा म्हणाली, "चालेल."

काकूंनी लगेच होकार दिला. दिवाणावर पांढरी चादर अंथरून त्यांनी सॅक त्यावर रिकामी केली आणि स्लाइडच्या क्रमाने वस्तू मांडायला घेतल्या. वापरलेल्या सेलच्या जागी नवे आणले होते. संपलेलं पाणी पुन्हा भरलं होतं. औषधांच्या पाकिटात आता फक्त त्यांच्याच रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. काकांचा पलंग भिंतीला टेकवून ठेवला होता. यंत्र भाड्याचं होतं, ते परत गेलं होतं, आणि त्या घरात इतकी शांतता हेमाने कधीच ऐकली नव्हती.

"काढ बाई फोटो," काकू शिट्टी नीट सरळ ठेवत म्हणाल्या. "लोकांना उपयोग होऊ दे. मला एवढंच एक समाधान आहे बघ. ह्यांच्या वेळेला मी कुठे कमी पडले नाही. जे जे सांगितलं होतं ते सगळं केलं. उगाच आपण अमुक केलं असतं तर, तमुक केलं असतं तर, असली टोचणी तरी नाही. झोप लागते."

हेमाने फोन वर धरला. चौकटीत सगळं बरोबर बसलं होतं. उजेडही चांगला होता. तिचं बोट खाली येईना. इतकी वर्षं जो शब्द घशात अडकून राहिला होता तो आत्ता, कुणाच्याच कामाचा उरला नव्हता तेव्हा, बाहेर पडला.

"नको, काकू. फोटो नको."

"का?"

आता नाही म्हटलं म्हणजे कारण द्यावं लागणार होतं. हेमाने ते दिलं. आणखी एक स्लाइड होती, ती कुणी गाळली, का गाळली, आपण कसं 'चालेल' म्हटलं, सगळं तिने सांगून टाकलं. सांगताना ती रडत होती. मन मोकळं केल्याने तिला हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणाचीच तिला घाण वाटली.

काकूंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "आहे का तुझ्याकडे ती?"

हेमाने फोनमध्ये शोधून ती स्लाइड काढून दिली. काकूंनी चष्मा लावला आणि खिडकीशी जाऊन, मिक्सरची पुस्तिका वाचावी तशी ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. मग बोटाने चित्र मोठं केलं. यंत्र, टॉवेल, रेडिओ. नाक खरंच बरं काढलं होतं.

"सिलिंडर मागवता आला असता," त्या म्हणाल्या. "मशीन ज्याच्याकडून भाड्याने घेतलं होतं, तोच सिलिंडरही देतो. वारज्यात दुकान आहे त्याचं."

"शेठनी ती ओळ…"

"शेठ मला ओळखत नाहीत," काकू म्हणाल्या. "त्यांना त्यांचे फ्लॅट विकायचे होते. तुझ्या त्या रणजितनेही आमचं घर पाहिलेलं नाही. त्यांनी फोनमधलं गाळलं. ते त्यांचं चाललं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. आवाज चढला नव्हता. टेलिफोन खात्यात चुकीचा अर्ज परत देताना त्या याच आवाजात बोलत असणार.

"पण तू इथे बसली होतीस, हेमा. ह्या खुर्चीत. चहा घेतलास, ह्यांचं नाक काढलंस. नंतर ह्यांनी विचारलंसुद्धा तुला, कुठे गेलं म्हणून. तेव्हा चित्राखाली काय लिहिलं होतंस ते तोंडाने सांगायला कुणाची परवानगी लागत होती?"

काकूंनी फोन तिच्या हातात दिला आणि दिवाणावरच्या वस्तू पुन्हा सॅकमध्ये भरायला घेतल्या. आधी पाणी, मग खाणं, मग औषधं, त्याच क्रमाने. हेमा मदतीला पुढे झाली, तेव्हा त्यांनी तिचा हात हलकेच बाजूला केला.

"राहू दे. येतं मला. जाताना दार ओढून घे."

हेमा बाहेर आली आणि तिने दार ओढून घेतलं. तिचं स्वतःचं दार समोरच होतं.